होजिअरीच्या टी-शर्टवर नंदी भरताना

तान्ह्या पोळ्यासाठी भाच्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर नंदी भरून हवा, अशी वहिनीची फर्माईश होती. चाकांवरचा लाकडी नंदी, पाठीवर लाल झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि तोही छातीच्या बरोब्बर मधोमध. "मशीनवर करून मिळते ताई, पण आतून लई टोचते त्याले. तुम्ही हातानंच भरून द्या नं," असं तिचं म्हणणं. पोरगं चार वर्षांचं, टी-शर्ट लेबलप्रमाणे ९५ टक्के सुती आणि ५ टक्के स्पॅन्डेक्स. म्हणजे चांगलाच ताणणारा.

साडी, ओढणी, उशीचा अभ्रा यांवर भरणं वेगळं. तिथे ताणाबाणा असतो, उभे-आडवे धागे एकमेकांना धरून बसलेले असतात. रिंगमध्ये कापड ढोलासारखं ताणलं तरी ते फारसं लांबत नाही. होजिअरीचं कापड म्हणजे फाशांचं विणकाम. एका ओळीच्या फाशांत दुसऱ्या ओळीचे फासे अडकवलेले. ओढलं की फासा आडवा पसरतो, सोडलं की परत गोळा होतो. टी-शर्ट भिंग लावून पाहिला तर उलगडून सांगायची गरजच राहत नाही: सुलट बाजूला उभ्या वेण्यांच्या रांगा दिसतात आणि आडवं ओढलं की त्या एकमेकींपासून लांब जातात.

भरायला बसण्याआधी मी हे ओढणं मोजून घेतलं. टी-शर्टवर पेनने १० सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके दिले, पट्टीवर धरून जोर न लावता ओढलं. आडव्या अंगाने ते अंतर १४ पर्यंत गेलं, उभ्या अंगाने जेमतेम साडेअकरा. सोडल्यावर दोन्हीकडे पुन्हा १० वर आलं. परत येणं महत्त्वाचं, कारण सारी गडबड त्यातूनच होते. समजा रिंगमध्ये कापड ताणून १२ सेंटिमीटर झालंय आणि त्याच अवस्थेत आपण टाके घातले. टाका त्या १२ च्या हिशेबाने बसतो. रिंग काढली की कापड १० वर यायला बघतं, टाके मात्र आपली लांबी सोडत नाहीत. मग टाक्यांच्या भोवती कापड गोळा होतं आणि चुण्या पडतात. इस्त्रीने त्या दबतात, पुढच्या धुण्यात पुन्हा उठतात.

म्हणून ठरवलं की ताण टी-शर्टने घ्यायचाच नाही. तो खाली लावलेल्या दुसऱ्या कशाने तरी घ्यायचा आणि टी-शर्ट त्यावर नुसता पडून राहायला हवा. ते "दुसरं काहीतरी" म्हणजे स्टॅबिलायझर. आमच्याकडे मशीन एम्ब्रॉयडरीवाले त्याला सरसकट पेपर म्हणतात.

इतवारीत टेलरिंग मटेरियलच्या दुकानात गेले तेव्हा पहिला प्रश्न दुकानदारानेच विचारला, "ताई, कॉलरचं फ्युजिंग पाहिजे का ड्रेसचं?" टी-शर्टवर भरायचंय म्हटल्यावर त्याने कॉलरचं बुकरम बाजूला सारलं. ते बरंच झालं. बुकरम चिकटवलं तर छातीवर पुठ्ठा लावल्यासारखं होतं, आणि पोरगं वाकलं की त्याच्या कडेवर टी-शर्ट मोडतो. मग त्याने तीन प्रकार काढून दिले. एक टिअर-अवे, भरून झालं की फाडून काढायचा. दुसरा कट-अवे, न विणलेला, जाळीसारखा मऊ, जो कापडाला कायमचा राहतो आणि बाजूचा कापून टाकायचा. तिसरा पाण्यात विरघळणारा, एका बाजूने चिकट, ज्यावर नक्षी काढता येते. शिवाय एक पातळ, लवचीक, इस्त्रीने चिकटणारं विणलेलं फ्युजिंगही होतं, तेही थोडं घेतलं. "हाताच्या कामाले एवढं कोणी लावत नाही," असं तो म्हणाला. साडीच्या कामाला नाहीच लावत, त्याचं बरोबर होतं.

घरी त्याच टी-शर्टच्या जोडीचा, लहान झालेला एक जुना होता. त्याच्या पाठीवर प्रत्येक पेपर लावून मी तोच छोटा तुकडा भरला: थोडी बाह्यरेषा आणि झुलीचा एक कोपरा. मग तिन्ही तुकडे साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवले. अशा चाचणीत भरताना काय वाटतं ते एक, पण धुतल्यावर काय दिसतं ते खरं, आणि ते दोन्ही जुळत नाहीत हे मला त्या दिवशी नीट पाहता आलं.

भरताना टिअर-अवे सगळ्यांत छान वाटला. कडक, सुई टक्कन जाते. पण मशीनच्या टाक्यांनी कागदाला इतकी जवळजवळ भोकं पडतात की तो त्या रेषेवर फाटतो. हाताच्या टाक्यांची भोकं लांबलांब असतात. त्यामुळे कागद ओढला की तो टाक्यालाच ओढतो. साखळी टाक्याचे दोन फासे वर उचकटले, आणि झुलीखाली कागदाचे कपटे अडकून राहिले ते चिमट्याने काढावे लागले. हाताच्या भरतकामाला, त्यातही होजिअरीवर, हा पेपर मी तरी पुन्हा लावणार नाही.

विरघळणारा पेपर एकटाच लावलेला तुकडा धुण्याआधी इतका सुबक दिसत होता की वाटलं, काम झालं. धुतल्यावर बाह्यरेषा तशीच राहिली, पण झुलीचा भरलेला कोपरा आखडला आणि भोवतीचं कापड लाटांसारखं वर आलं. कारण सरळ आहे. तोवर कापडाला धरून ठेवणारी गोष्ट पाण्याबरोबर वाहून गेली आणि दाट टाक्यांचं सगळं ओझं फाशांवर आलं. म्हणजे रेषेच्या हलक्या कामाला हा एकटा पुरतो, भरीव कामाला नाही.

कट-अवेचा तुकडा धुतल्यावरही सपाट राहिला. मागे मऊ जाळी राहते आणि ती तशीच राहावी अशीच अपेक्षा असते, कारण टी-शर्ट आयुष्यभर धुतला आणि ओढला जाणार. मग योजना अशी ठरली: खाली कट-अवे, कारण आधार त्याचा, वर विरघळणारा, कारण पांढऱ्या ताणणाऱ्या कापडावर पेनने सरळ रेष काढताच येत नाही. पेन सरकलं की कापड त्याच्याबरोबर सरकतं आणि नंदीचं शिंग वाकडं होतं. त्या पेपरवर नक्षी आधीच काढून ठेवली की हा प्रश्न मिटतो.

टी-शर्ट नवा होता, म्हणून आधी धुऊन वाळवला. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, आणि भरल्यानंतर आटली तर पुन्हा त्याच चुण्या. लाल दोऱ्याची लडीही ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवून रंग सुटत नाही ना ते पाहिलं. झूल लाल आणि टी-शर्ट पांढरा असताना हे टाळायची सोय नाही.

आता रिंग. नंदी ९ सेंटिमीटर रुंद होता, म्हणून १५ सेंटिमीटरची लाकडी रिंग घेतली. नक्षी रिंगमध्ये पूर्ण मावली की रिंग सरकवावी लागत नाही, आणि भरलेल्या टाक्यांवर लाकूड दाबलं जात नाही. आतल्या कडीला सुती नाडी तिरकी गुंडाळून घेतली, टोक दोन टाक्यांनी पक्कं केलं. लाकूड गुळगुळीत असलं की पातळ पेपर निसटतो. नाडीमुळे पकड येते आणि स्क्रू जास्त आवळावा लागत नाही.

रिंगमध्ये फक्त कट-अवे लावला. टी-शर्ट नाही. पेपर चारी बाजूंनी ओढून स्क्रू आवळला आणि बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजला पाहिजे इतका ताठ केला. मग ही रिंग टी-शर्टच्या आत, खालच्या घेरातून सरकवली, अशी की पुढची बाजू रिंगवर पसरेल आणि पाठीची बाजू रिंगच्या खाली राहील. पाठीचा भाग गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी बाजूला धरून ठेवला. हे न करता भरायला बसलं तर सुई पाठीलाही शिवते आणि अर्ध्या तासाने टी-शर्टचं पाकीट झालेलं कळतं. मी दर दहा-बारा टाक्यांनी खालून हात फिरवून बघत होते.

पुढची बाजू रिंगवर नुसती ठेवली. तळहाताने मधून कडेकडे एकदाच हलकेच फिरवलं, ओढलं नाही. इथे दोन खुणा मला उपयोगी पडल्या. एक म्हणजे आधीच काढलेला ५ सेंटिमीटरचा चौकोन, चार कोपऱ्यांच्या ठिपक्यांनी. रिंगवर ठेवल्यावर पट्टीने मोजला. चारी बाजू ५ च राहिल्या तर कापड ताणलं गेलं नाही. माझी आडवी बाजू ५.३ भरली, म्हणून कापड उचलून पुन्हा ठेवलं. दुसरी खूण म्हणजे त्या उभ्या वेण्यांच्या रांगा. मधली एक रांग गळ्याच्या मध्यापासून खालपर्यंत नजरेने धरली आणि ती रिंगच्या मधोमध सरळ आहे ना हे पाहिलं. रांगा कमानीसारख्या वाकल्या असतील तर कापड एका बाजूला ओढलं गेलंय. तसंच भरलं की नंदी अंगात घातल्यावर तिरका दिसणार.

मग कच्चा दोरा. मधून अधिकच्या चिन्हासारख्या दोन ओळी, आणि रिंगच्या आतून साधारण एक सेंटिमीटर जागा सोडून एक गोल. टाके दीड-दीड सेंटिमीटरचे, सैल. मधून बाहेर गेलं की मध्ये फुगा राहत नाही. यानंतर नक्षीचा चिकट पेपर वर बसवला. पावसाळ्याचे दिवस, हवेत दमटपणा, शिवाय शेजारी कूलर सुरू. हा पेपर पाण्यातच विरघळायचा असल्याने दमट हवेत मऊ पडतो आणि घामट बोटांना लगेच चिकटतो. कूलर बंद करून पंख्याखाली बसले, हात पुसायला जुनं फडकं मांडीवर. काम उचलून ठेवताना रिंग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करत होते.

सुईचा विचार वेगळा करावा लागला. मशीनसाठी होजिअरीच्या बॉलपॉइंट सुया मिळतात, त्यांचं टोक गोलसर असतं म्हणून ती फाशाच्या धाग्याला न भोसकता बाजूला सारते. हाताने भरताना खाली पेपर, वर पेपर, अशात अगदी बोथट सुई चालत नाही, जोर लावावा लागतो आणि तोच जोर कापड हलवतो. मी भरतकामाची बारीक, नऊ नंबरची सुई घेतली आणि जुन्या टी-शर्टवर तिची परीक्षा केली: काही टाके घालून ते उसवले, कापड ओढून खिडकीकडे धरलं. भोकं मिटली तर ठीक. एखादं भोक उघडंच राहिलं आणि त्यातून वर शिडीसारखी रेष सरकली, तर फासा तुटलाय आणि धुण्यात तो आणखी धावणार. माझी भोकं मिटली.

टाका घालायची पद्धतही साडीपेक्षा निराळी ठेवली. साडीवर आपण सुई एकदाच आत-बाहेर करून टाका उचलतो. इथे तसं केलं की सुई पेपरवरून होजिअरीला घडी घालून उचलते. म्हणून प्रत्येक वेळी सुई सरळ खाली, दोरा पूर्ण ओढून घ्यायचा, मग सरळ वर. वेळ जास्त लागतो. सुरुवातीला गाठ न मारता शेपूट सोडलं आणि नंतर ते मागच्या टाक्यांखालून फिरवलं. होजिअरीच्या फाशांतून बारीक गाठ निसटून वर येते.

बाह्यरेषेला साखळी टाका घेतला, दोन पदरी दोऱ्याने, टाका तीन-चार मिलिमीटरचा. साखळीत दोऱ्याला वळसा असतो, त्यामुळे कापड थोडं ओढलं गेलं तरी टाका सरळ होऊन जागा देतो. उलटी टीप सुबक दिसते पण तिच्यात ढिलाईच नसते, टी-शर्ट डोक्यातून काढताना एखादा टाका तुटायची भीती. चाकांना देठ टाका, घुंगरांना गाठीचा टाका.

झुलीशी मी सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळले. वहिनीच्या मनात भरीव टाक्याची चकचकीत झूल होती. पण तीन सेंटिमीटर उंच झुलीवर एवढा लांब भरीव टाका म्हणजे तरंगते धागे, खेळताना पोराच्या बोटात अडकणारच. तुकडे करून घातले तरी दाट भरीव टाके फासे बाजूला ढकलतात आणि कापडाला तिथे रुंद करतात, भोवती मात्र ते मूळ मापाचं राहतं. म्हणून झूल साखळी टाक्याच्या ओळींनी भरली, सगळ्या ओळी वरून खाली एकाच दिशेने, आणि दोन ओळींत एका दोऱ्याची जागा सोडून. ती जागा धुतल्यावर भरून येते, लांबून कळत नाही. मध्ये पिवळ्या धाग्याची नक्षी टाकली, वहिनीचं समाधान तेवढ्यात झालं.

दोरा ओढताना टाका कापडावर टेकला की थांबायचं. हे लिहायला सोपं, रात्री उशिरा भरताना हात आपोआप आवळतो. टाक्याच्या दोन टोकांना कापडात खळी दिसली तर दोरा घट्ट झालाय, सुईच्या टोकाने तो टाका लगेच सैल करून घ्यायचा.

भरून झाल्यावर रिंग सोडली आणि कच्चा दोरा काढला. आता चुण्या पडल्या असत्या तर त्यांच्या दिशेवरून कारण शोधता येतं. सगळ्या नक्षीभोवती सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या असतील तर कापड रिंगवरच ताणलेलं होतं. एखाद्याच ओळीच्या बाजूने असतील तर तिथला दोरा आवळलाय. रिंग काढताना सपाट आणि धुतल्यावर उठल्या तर कापड आधी आटवलेलं नव्हतं किंवा खालचा आधार अपुरा. माझ्या नंदीच्या मागच्या पायाशी एकाच ओळीत बारीक चुण्या होत्या, तो पाय उसवून पुन्हा भरला. तो भरताना रिंग पुन्हा लावली नाही. कट-अवे शिवलेलाच होता, हातात धरूनच झालं.

मागचा पेपर कापताना कात्रीची टोकं गोल हवीत. पेपर टी-शर्टपासून वर उचलून धरायचा आणि टाक्यांपासून सहा-सात मिलिमीटर सोडून, कोपरे गोल ठेवत कापायचा. अगदी टाक्यालगत कापला तर आधार निघून जातो, आणि चौकोनी कोपरे अंगाला टोचतात व बाहेरून उमटतात. मग कोमट पाण्यात टी-शर्ट बुडवला. वरचा पेपर आधी बुळबुळीत होतो, मग जातो. पाणी बदलून पुन्हा भिजवला, कारण थोडा जरी राहिला तरी वाळल्यावर खळ लावल्यासारखा कडक होतो. पिळला नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि आडवा वाळवला. वाळल्यावर उलट्या बाजूने, टॉवेलवर नक्षी पालथी ठेवून इस्त्री. त्याच वेळी ते पातळ लवचीक फ्युजिंग गोल कापून मागून चिकटवलं, म्हणजे दोऱ्यांची टोकं आणि जाळी, दोन्ही अंगाला लागत नाहीत. फ्युजिंग चिकटवताना इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची; घासली की गरम होजिअरी पुन्हा लांबते.

शेवटी पुन्हा पट्टी. चौकोनाचे ठिपके धुण्यात गेले होते, म्हणून नंदीचीच रुंदी मोजली: ९ सेंटिमीटर, कागदावर होती तेवढीच. नंदीवर कापड आता ओढलं तरी जवळजवळ ताणत नाही. छातीवर ते चालतं, कारण टी-शर्ट घालताना ताणायचं काम गळा आणि बाजू करतात. मी नंदीचं शिंग गळ्याच्या पट्टीपासून चार सेंटिमीटर खाली ठेवलं होतं, ते त्यासाठीच.

तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन भाचा घरोघरी फिरला, खाऊ-पैशांचा बोजारा गोळा केला, टी-शर्टवर चिवडा आणि चिखल दोन्ही सांडून आला. त्यानंतर तो मशीनमध्ये धुतला जातोय आणि झूल सपाट आहे. एक गोष्ट मात्र पांढऱ्या कापडात दिसते: खालची जाळी पांढरी असल्याने उन्हात नंदीभोवती किंचित जास्त पांढरा गोल उमटतो. पुढच्या वेळी पांढऱ्या टी-शर्टखाली अंगाच्या रंगाची, फिकट तपकिरी जाळी लावेन. ती कातडीच्या रंगात मिसळून जाते.

वहिनीला आता त्याच्या गळ्याच्या रिबवर नाव हवंय. तिथे हे काहीच चालणार नाही. रिब ताणली नाही तर डोकं आत जाणार नाही, आणि कट-अवे लावला की रिब ताणत नाही. तिथे फक्त विरघळणारा पेपर, रिंग अजिबात नाही, आणि सैल साखळीत बारीक अक्षरं, तीही दोन अक्षरांत मोकळी जागा सोडून. नाव चार अक्षरी आहे. मी तिला म्हटलं, खिशावर करू.